सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, आता पुढे काय?

प्रश्न: आमची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. डोकं जरा मोठं वाटतंय म्हणून डॉक्टरांनी टाळूतून सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये लिहिलंय की दोन्ही लॅटरल व्हेंट्रिकल आणि थर्ड व्हेंट्रिकल डायलेटेड, फोर्थ व्हेंट्रिकल नॉर्मल, हायड्रोसेफॅलसची शक्यता. जन्मताना डोकं ३४ सेंमी होतं, आता ४२.५ आहे. ती हसते, दूध नीट पिते. घरातले म्हणतात की बापाचं डोकंही मोठंच आहे. डोक्यात पाणी झालंय म्हणजे नक्की काय झालंय? औषधाने जाईल का की ऑपरेशनच लागेल? ती इतर मुलांसारखी होईल ना?

उत्तर:

ताई, मी लहान मुलांचा न्यूरोसर्जन आहे, आणि असा रिपोर्ट हातात धरून रात्रभर न झोपलेले आईबाबा मी जवळपास रोज बघतो. शेवटचा प्रश्न तुमच्या मनात सगळ्यात पहिला आहे हे मला माहितीये, पण त्याचं उत्तर आधीच्या दोन प्रश्नांवर अवलंबून आहे म्हणून तिथूनच सुरू करतो.

"डोक्यात पाणी झालं" हा शब्दच घोळ करतो. हे पाणी बाहेरून आलेलं नाही आणि आजारामुळे तयार झालेलं पण नाही. प्रत्येकाच्या मेंदूत चार पोकळ्या, म्हणजेच व्हेंट्रिकल, असतात, त्यात एक स्वच्छ पातळ द्रव सतत तयार होत असतो, त्याला आम्ही सीएसएफ म्हणतो. मोठ्या माणसात तो दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो, बाळात त्याहून बराच कमी. दोन्ही बाजूंच्या मोठ्या पोकळ्यांतून तो मधल्या तिसऱ्या पोकळीत येतो, तिथून एका अगदी बारीक नळीतून खाली चौथीत जातो, मग मेंदूच्या बाहेर पडून मेंदूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. जेवढा तयार होतो तेवढाच शोषला गेला की सगळं ठीक. वाटेत कुठे अडलं किंवा शोषणच कमी पडलं की मागे तुंबतो, पोकळ्या फुगतात, मेंदूवर आतून दाब येतो, आणि बाळाच्या कवटीचे सांधे अजून जुळलेले नसल्यामुळे डोकं बाहेरच्या बाजूला वाढायला लागतं. तुंबून दाब वाढणं, म्हणजे हायड्रोसेफॅलस. त्यामुळे बाळाला दूध कमी द्या, आईने अमुक खाऊ नये, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, पोटात जाणाऱ्या पाण्याचा याच्याशी काहीच संबंध नाही. तुमच्या हातूनही काही चुकलेलं नाही.

आता महत्त्वाची गोष्ट, आणि मला वाटतं रिपोर्ट देताना ही कोणीतरी समजावून सांगायलाच हवी. पोकळ्या मोठ्या दिसणं आणि हायड्रोसेफॅलस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोग्राफी हा एका दिवसाचा फोटो आहे, त्यात पोकळीचा आकार दिसतो, दाब दिसत नाही. काही बाळांच्या पोकळ्या जन्मापासूनच जरा मोठ्या असतात आणि तशाच राहतात. काही बाळांच्या मेंदूचा काही भाग आधीच्या एखाद्या इजेमुळे लहान राहिलेला असतो, आणि रिकामी झालेली जागा द्रवाने भरलेली असते, तिथे दाब नसतोच आणि ऑपरेशनने फायदाही होत नाही. शिवाय एक तिसरा प्रकार, फार कॉमन. त्यात द्रव पोकळ्यांच्या आत नाही तर मेंदूच्या बाहेर, कवटीखाली जरा जास्त साठलेला असतो, डोकं मोठं असतं, बऱ्याचदा वडिलांचं किंवा आईचं डोकंही मोठंच असतं, बाळ मजेत असतं आणि साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत हे आपोआप मार्गी लागतं. "बापाचं डोकं मोठंय" हा घरच्यांचा मुद्दा या तिसऱ्या प्रकारात अगदी बरोबर ठरतो, मी स्वतः ओपीडीत बाबांच्या डोक्याला टेप लावून बघतो. पण तुमच्या रिपोर्टमध्ये तो प्रकार दिसत नाही, कारण तिथे मेंदूबाहेर द्रव जास्त असल्याचं काही लिहिलेलं नाही, आतल्या पोकळ्याच मोठ्या आहेत. म्हणून बाबांच्या डोक्यावर भरवसा ठेवून थांबू नका.

तुमच्या रिपोर्टमधली मला सगळ्यात बोलकी वाटलेली ओळ म्हणजे "फोर्थ व्हेंट्रिकल नॉर्मल". वरच्या तीन मोठ्या, खालची चौथी साधी. म्हणजे अडथळा बहुतेक तिसरी आणि चौथी यांच्या मधल्या त्या बारीक नळीत असावा. ती नळी निरोगी बाळातही जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते, त्यामुळे जन्मतःच थोडी अरुंद राहिली किंवा आत एखादा पडदा असला तरी वाट बंद होते. याला अ‍ॅक्वेडक्टल स्टेनोसिस म्हणतात. सोनोग्राफीवरून एवढंच म्हणता येतं, "असावा". टाळूतून बघताना मेंदूचा खालचा मागचा भाग नीट दिसत नाही, त्यामुळे खात्रीसाठी एमआरआय लागतो. एमआरआयमध्ये नळी बंद आहे का हे तर दिसतंच, शिवाय नळीशेजारी एखादी छोटी गाठ नाही ना, आधी रक्तस्राव किंवा इन्फेक्शन होऊन गेल्याच्या खुणा नाहीत ना, मेंदूची बाकी घडण कशी आहे, हेही कळतं. एवढ्या लहान बाळाचा एमआरआय कधीकधी पोटभर दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच होऊन जातो, नाहीतर झोपेचं औषध किंवा थोडी भूल लागते. सीटी स्कॅन मात्र घाईगडबडीची वेळ नसेल तर टाळलेला बरा, कारण या मुलीला पुढे बरेच स्कॅन लागू शकतात आणि प्रत्येक सीटीत रेडिएशन असतं.

मग दाब वाढतोय की नाही हे कसं कळायचं? बाळाच्या बाबतीत सगळ्यात चांगलं साधन म्हणजे साधी मोजपट्टी, आणि ती एकदा लावून काहीच कळत नाही, ठराविक दिवसांनी लावायची. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण २ सेंमी वाढतं, पुढचे तीन महिने महिन्याला १ सेंमी, मग वर्ष होईपर्यंत महिन्याला अर्धा. तुमची मुलगी ३४ वरून ४२.५ वर आली, म्हणजे साडेआठ सेंमी. हिशोबाने साडेसहाच्या आसपास यायला हवी होती. मुलींच्या ग्रोथ चार्टवर ती जन्मताना मधल्या रेषेवर होती आणि आता सगळ्यात वरच्या रेषेच्या काठाला टेकलीये. कोणी म्हणेल की अजून रेषेच्या आतच आहे की, नॉर्मल आहे. हीच फसगत होते. बाळ रेषेच्या आत आहे की बाहेर यापेक्षा ते आपली रेष सोडून वर चढतंय का हे बघायचं असतं. जन्मापासून वरच्याच रेषेवर असलेलं आणि तिलाच समांतर वाढणारं डोकं मला घाबरवत नाही, मधल्या रेषेवरून वर सरकत गेलेलं डोकं मला जागं ठेवतं. म्हणून आज पहिलं काम, लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढा आणि मधल्या तारखांना कोणी घेर मोजून लिहिला असेल तर ते आकडे एका कागदावर तारखेसकट ओळीने लिहा. नुसत्या त्या कागदावरून मला अर्धं निदान होतं.

घरी मोजायचं असेल तर न ताणणारी टेप घ्या, शिवणकामाची जुनी सैल झालेली नको, पुढे भुवयांच्या जरा वर आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो त्यावरून फिरवा, कान मध्ये येऊ देऊ नका, तीनदा मोजा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरा. दरवेळी तीच टेप आणि तोच माणूस. आठवड्यातून एकदा पुरे. रोज मोजणारे आईबाबा तीन-चार मिलिमीटरच्या फरकावरून उगाच हैराण होतात, तो फरक टेपचाच असतो.

दुसरं म्हणजे टाळू. बाळ शांत असताना, शक्यतो डोळा लागल्यावर, खांद्यावर उभं धरा आणि बोटाच्या पेराने टाळूवरून हलकेच फिरवा. नॉर्मल टाळू सपाट किंवा किंचित आत असते, मऊ असते आणि ठोके जाणवतात, ठोके जाणवले म्हणून घाबरायचं काही कारण नाही. आडवं असताना किंवा रडताना ती फुगतेच, ते मोजायचं नाही. पण शांत, उभं बाळ आणि तरीही टाळू वर आलेली, घट्ट, ताणलेल्या चामड्यासारखी लागते, तर तो दाब आहे. त्याच वेळी टाळूपासून मागे जाणाऱ्या हाडांच्या सांध्यावरून बोट फिरवा, दोन हाडांच्या मध्ये बोट बसेल एवढी फट लागते का बघा. कपाळावरच्या आणि कानशिलाच्या शिरा आधीपेक्षा ठळक दिसतात का तेही.

तिसरं, डोळे. बुबुळं खाली उतरून वरचा पांढरा भाग उघडा पडलेला दिसणं आणि खेळणं वर नेलं तरी बाळाने वर न बघणं, हे मावळत्या सूर्यासारखं दिसतं म्हणून त्याला सनसेट आईज म्हणतात. ते सतत दिसत असेल तर दाब बराच वाढलाय असं धरायचं.

यातलं काही असेल, किंवा बाळ वारंवार उलट्या करत असेल, दूध पिताना मध्येच झोपून जात असेल, जागं करायला त्रास पडत असेल, विचित्र किंचाळल्यासारखं रडत असेल, फिट आली किंवा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, लहान मुलांचं न्यूरोसर्जरीचं डिपार्टमेंट असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि यातलं काहीच नसेल तरी तुमच्या मुलीचे आकडे आणि रिपोर्ट बघता न्यूरोसर्जनची भेट काही दिवसांत व्हायला हवी, "पुढच्या महिन्यात परत सोनोग्राफी करून बघू" एवढ्यावर सोडू नका. ती हसते आणि दूध पिते हे फार चांगलं आहे, पण त्यावरून दाब नाही असं ठरत नाही. बाळाची कवटी ताणली जाते म्हणून दाब काही काळ सहन होतो, मोठ्या मुलाला अशा वेळी डोकं फुटेल असं दुखतं, आणि बाळ मात्र डोकं वाढवत हसत राहतं.

औषधाबद्दल. सीएसएफ कमी तयार व्हावा म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध बऱ्याच ठिकाणी अजूनही लिहून दिलं जातं, आणि आईबाबांना साहजिकच वाटतं की निदान ऑपरेशन टळेल. ते टळत नाही. कमी दिवसांच्या बाळांमध्ये, रक्तस्रावानंतर पोकळ्या फुगलेल्या असताना, या औषधाची फ्युरोसेमाइड या दुसऱ्या औषधासोबत नीट चाचणी झाली होती, १९९८ मध्ये निकाल आला, शंटची, म्हणजे जास्तीचा द्रव काढून नेणारी नळी बसवण्याची, गरज कमी झाली नाहीच, उलट औषध दिलेल्या बाळांची तब्येत जास्त बिघडली. तुमच्या मुलीसारख्या केसमध्ये तर बहुतेक वाटच बंद असते, द्रव थोडा कमी तयार झाला तरी तो जाणार कुठे? औषधाच्या भरवशावर घालवलेले आठवडे म्हणजे मेंदूवरच्या दाबाचे आठवडे. कोणी लिहून दिलं असेल तर "हे किती दिवस, आणि डोकं वाढतच राहिलं तर काय करायचं" एवढं स्पष्ट विचारा.

आता एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलून. मुलगा, पूर्ण दिवसांचा, जन्मताना डोकं ३४.५. सहाव्या आठवड्यात ३८, मधल्या रेषेवर, सगळं छान. दहाव्या आठवड्यात ४१. तेव्हा तो रेषांच्या आतच होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण चार आठवड्यांत तीन सेंमी वाढ झालेली. चौदाव्या आठवड्यात ४४, परत चार आठवड्यांत तीन सेंमी, आणि आता तो रेषेच्या बाहेर. टाळू घट्ट. तेव्हा माझ्याकडे आला. एमआरआयमध्ये वरच्या तिन्ही पोकळ्या मोठ्या, नळी बंद, गाठ वगैरे काही नाही. मेंदूचा थर पातळ दिसत होता आणि त्याची आई स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाली, "डॉक्टर, मेंदू उरलाय ना?" उरलेला होता. बाळाचा मेंदू दाबून पातळ झालेला असतो, दाब काढला की तो बऱ्यापैकी परत भरतो, हे मी अनेक स्कॅनमध्ये बघितलंय. किती भरतो हे मात्र आधी सांगता येत नाही.

ऑपरेशनचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे एन्डोस्कोपी, त्याला ईटीव्ही म्हणतात. टाळूच्या कोपऱ्यातून बारीक दुर्बीण बाजूच्या पोकळीत घालायची, तिथून तिसऱ्या पोकळीत उतरायचं आणि तिच्या तळाशी असलेल्या पातळ पडद्याला काही मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे बंद नळीला वळसा घालून द्रवाला नवी वाट मिळते. भोकाच्या बरोबर खाली मेंदूची मोठी रक्तवाहिनी असते, त्यामुळे हे सवयीच्या हातांचं काम आहे. शरीरात काही बसवावं लागत नाही हा याचा मोठा फायदा. दुसरा मार्ग शंट. सिलिकॉनची बारीक नळी, एक टोक मेंदूच्या पोकळीत, मध्ये कानाच्या मागे किंवा वर कातडीखाली एक व्हॉल्व्ह, आणि पुढे मानेतून छातीवरून कातडीखालूनच पोटात. जास्तीचा द्रव पोटात जातो आणि तिथे शोषला जातो. मूल उंच होईल म्हणून पोटात नळी लांब सोडलेली असते. हा व्हॉल्व्ह नीट चालायला लागला त्याची गोष्ट मी आईबाबांना नेहमी सांगतो, १९५०च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञाचा मुलगा केसी याच आजाराने हॉस्पिटलमध्ये होता, त्या बापाने मुलासाठी स्वतः खटपट करून सिलिकॉनचा एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह तयार केला आणि १९५६ पासून तो मुलांमध्ये बसवायला लागले. आजचे व्हॉल्व्ह बरेच पुढे गेलेत, पण मूळ कल्पना तीच.

यातलं कोणतं निवडायचं यासाठी आम्ही एक साधा स्कोअर वापरतो, बाळाचं वय, कारण, आणि आधी शंट बसवलाय का यावरून गुण द्यायचे, बेरीज साधारण ईटीव्ही सहा महिने टिकण्याच्या टक्क्याइतकी येते. त्या मुलाचं वय एक ते सहा महिन्यांत, त्याचे १०, नळीच बंद असल्याचे ३०, आधी शंट नाही त्याचे १०. एकूण ५०. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. हेच मूल सहा महिन्यांचं होऊन आलं असतं तर ७० झाले असते, पण डोकं आठवड्याला पाऊण सेंमी वाढत असताना स्कोअर वाढायची वाट बघायची नसते. तुमच्या मुलीचा हिशोबही, एमआरआयमध्ये तेच निघालं तर, जवळपास असाच येईल. रक्तस्रावानंतरच्या बाळात तो अजून कमी येतो, मेंदूज्वरानंतरच्या बाळात सगळ्यात कमी, आणि तिथे मी सहसा शंटकडेच वळतो. युगांडातल्या म्बाले इथे बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन न्यूरोसर्जननी ईटीव्हीसोबत द्रव तयार करणारा भाग जाळून कमी करण्याची पद्धत रुळवली, कारण तिथे शंट बंद पडल्यावर मूल वेळेत हॉस्पिटलला पोचेलच असं नव्हतं. तिथेच इन्फेक्शननंतरच्या १०० बाळांवर या पद्धतीची शंटशी तुलना झाली, २०१७ मध्ये छापून आली, आणि वर्षभरानंतर बाळांच्या आकलनात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून "शंट वाईट, दुर्बीण चांगली" किंवा त्याच्या उलटं, असं कोणी ठासून सांगत असेल तर एका कानाने ऐका. तुमच्या मुलीसाठी कोणतं, आणि तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय, हे विचारा.

त्या मुलाच्या आईबाबांनी सगळं ऐकून ईटीव्ही निवडली. मी त्यांना आधीच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, ईटीव्हीनंतर पोकळ्या लगेच लहान होत नाहीत, कधीकधी पुढेही मोठ्याच राहतात, त्यामुळे पुढच्या सोनोग्राफीत "अजून डायलेटेड" लिहून आलं तर फसली असं समजू नका, टाळू मऊ आहे का आणि घेर वाढायचा थांबला का ते बघा. दुसरी, फसायची असली तर ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच फसते, त्यामुळे आठवड्याला टेप लावायची. पहिले तीन आठवडे घेर ४४ वरच थांबला, टाळू मऊ, घरात आनंदीआनंद. चौथ्या आठवड्यात ४४.६, पाचव्यात ४५.४, आणि टाळू परत भरलेली. भोक बुजलं होतं किंवा बाहेर शोषण पुरेसं होत नव्हतं, इतक्या लहान वयात दोन्ही होतं. शंट बसवला. त्याच्या आईने टेप लावली नसती तर आम्हाला हे अजून दोन आठवडे उशिरा कळलं असतं.

शंटबद्दल मी कधीच गोड बोलत नाही. तो जीव वाचवतो आणि तो बिघडतो. बाळांमध्ये बसवलेल्या शंटपैकी दहातले तीन-चार पहिल्या वर्षातच बंद पडतात किंवा बदलावे लागतात, आणि त्यानंतरही तो कधीही बंद पडू शकतो. इन्फेक्शन झालं तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतं, तेव्हा ताप, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज, जखमेतून पाणी येणं, पोट दुखणं या गोष्टी बघायच्या. अँटिबायोटिक लावलेल्या नळ्यांनी इन्फेक्शन कमी होतं हे २०१९ मधल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत स्पष्ट दिसलं, साध्या नळीत साधारण ६ टक्के तर या नळीत २ टक्के. शंट बसवायचं ठरलं तर "अँटिबायोटिकवाली नळी आहे का" हे नक्की विचारा. रोजच्या जगण्यात फार बंधनं नसतात, उचलून घ्या, खेळू द्या, शंट असलेल्या कुशीवर झोपली तरी चालतं, फक्त जखम ताजी असताना त्यावर दाब नको. लसी घ्यायच्याच. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका, पोट फार तटतटलं तर नळीच्या खालच्या टोकाला अडचण होऊ शकते. आणि व्हॉल्व्ह दाबून "चालतोय का" हे घरी बघायचं नाही, त्यातून काही कळत नाही.

तोच मुलगा दोन वर्षांचा असताना त्याचा शंट बंद पडला, आणि कसा कळला ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाळू तेव्हा जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे टाळू आणि टेप दोन्ही कामाचे राहिले नव्हते. सकाळी उठल्यावर दोन दिवस उलटी, ताप नाही, जुलाब नाहीत, आणि तो मधूनमधून गप्प बसायचा. एका ठिकाणी पोटाचं इन्फेक्शन म्हणून औषध दिलं. स्कॅन झाला तर पोकळ्या आधीपेक्षा थोड्याशाच मोठ्या, रिपोर्टमध्ये "फारसा बदल नाही". पण आई ठाम होती की हा माझा मुलगा नाही, असा तो कधीच नसतो. मी तिच्या शब्दावर ऑपरेशन थिएटर उघडलं आणि पोकळीतल्या टोकाला नळी पूर्ण बंद निघाली. काही मुलांत शंट बंद पडूनही पोकळ्या फुगत नाहीत, दाब मात्र वाढतो. म्हणून मूल बरं असतानाचा एक स्कॅन सीडीवर किंवा फोनमध्ये कायम जवळ ठेवायचा, म्हणजे आजारपणातला स्कॅन कशाशी ताडून बघायचा ते इमर्जन्सीतल्या डॉक्टरला कळतं. व्हॉल्व्हचं नाव आणि त्याचं सेटिंगही त्याच्यासोबत लिहून ठेवा, बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर प्रत्येक एमआरआयनंतर तपासून घ्यावा लागतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मूल पुढे कसं होईल हे पोकळी किती मोठी होती यापेक्षा ती का मोठी झाली यावर जास्त ठरतं. सातव्या महिन्यात जन्मून मेंदूत मोठा रक्तस्राव झालेलं बाळ, किंवा मेंदूज्वरातून गेलेलं बाळ, यांच्या मेंदूला मुळातच इजा झालेली असते, दाब काढला तरी ती इजा राहते, हातपाय कडक होणं, उशिरा चालणं, फिट येणं, हे त्यांच्यात जास्त बघायला मिळतं. फक्त नळी बंद आहे, बाकी मेंदूची घडण नीट आहे आणि दाब वेळेत काढला, अशी मुलं मला बरीच माहिती आहेत जी साध्या शाळेत साध्या वर्गात आहेत. पण "काहीच होणार नाही" असंही मी म्हणणार नाही. नजर, मान धरणं, बसणं, बोलणं यावर डेव्हलपमेंटच्या डॉक्टरांकडून ठराविक दिवसांनी लक्ष ठेवावं लागतं, डोळ्यांची तपासणी लागते, आणि काही मुलांत अडचण शाळेत गेल्यावरच दिसते, गणित जड जातं, एका जागी लक्ष टिकत नाही, एका मागून एक तीन सूचना दिल्या तर तिसरी विसरते. लवकर ओळखलं तर त्यावर काम करता येतं. एमआरआय झाल्याशिवाय तुमच्या मुलीबद्दल यापुढे कोणी छातीठोक काही सांगत असेल, चांगलं किंवा वाईट, तर तो अंदाज आहे असं समजा.

बाळात एखादाच आजार शोधत बसू नका, पण डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर सांगा. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत पोकळीचं माप १० मिमीच्या वर लिहिलं होतं का, ते जुने रिपोर्ट काढून बघा. आणि घराण्यात, विशेषतः तुमच्या माहेरी, असा त्रास झालेले मुलगे होते का. एक प्रकार आईकडून मुलग्यांमध्ये उतरतो, मुलीत तो सहसा एवढा दिसत नाही, तरी पुढच्या बाळाच्या दृष्टीने माहिती हवी.

भेटीला जाताना घेराचा तो कागद, सोनोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नाही, गरोदरपणातले रिपोर्ट, आणि फोनमध्ये तिचे जन्मापासूनचे, तोंड समोर असलेले चार-पाच फोटो घेऊन जा. कपाळ कधीपासून पुढे यायला लागलं हे फोटोंत तारखेसकट दिसतं, आईबाबांच्या आठवणीपेक्षा ते जास्त भरवशाचं. आज संध्याकाळी ती झोपली की उभं धरून टाळू बघा, आणि आजचा घेर तारीख घालून लिहा. टाळू मऊ लागली तर उद्या सकाळी फोन करून याच आठवड्यातली वेळ घ्या. घट्ट लागली तर सकाळची वाट बघू नका, आजच निघा.